पाच वर्षांचा लॅपटॉप काढून टाकावा का, आणि पुढचा आठ वर्षं कसा चालवावा?

प्रश्न: कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं जीएसटी आणि आयकराचं छोटं ऑफिस आहे. २०२१च्या दिवाळीत ५५ हजारांना लॅपटॉप घेतला. ११व्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११. दिवसभर टॅली, एक्सेल आणि ब्राउझर चालू असतो. आता बॅटरी ४० मिनिटांत संपते, दुपारी पंखा जोरात फिरतो आणि मशीन मंद होतं, झाकण उघडताना बिजागरी कुरकुरते. दुकानदार म्हणतो, पाच वर्षं झाली, आता काढून टाका, ६० हजारांत नवा घ्या. लॅपटॉपचं खरं आयुष्य किती धरायचं? नवा घेतला तर तो सात-आठ वर्षं जावा यासाठी काय बघू?

उत्तर:

तुमचा लॅपटॉप संपलेला नाही. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारी झिजणाऱ्या भागांच्या आहेत आणि ते तिन्ही भाग बदलता किंवा दुरुस्त करता येतात. मशीनचा गाभा, म्हणजे मदरबोर्ड आणि प्रोसेसर, तुमच्या कामाला आजही पुरेसा आहे. प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालतं, त्यामुळे सुरक्षेचे अपडेटही मिळत आहेत. साधारण ११ हजार रुपये योग्य क्रमाने खर्च केलेत तर हाच लॅपटॉप २०२९पर्यंत न्यायला हरकत नाही.

वर्षांचा आकडा विचारलात म्हणून सांगतो. तुमच्यासारख्या ऑफिसच्या कामात चांगल्या बांधणीचा लॅपटॉप सात ते आठ वर्षं चालतो, मात्र मध्ये एकदा त्याच्यावर खर्च करावा लागतो. हा खर्च न करणाऱ्याचा लॅपटॉप चार-पाच वर्षांत ‘संपतो’. दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर येणाऱ्या मशीनमध्ये मला बहुतेक वेळा हेच दिसतं. बॅटरी साधारण तीन-चार वर्षांची सोबती. पंख्याला धूळ आणि बिजागरीला वापर मारतो. मदरबोर्ड मात्र पाणी सांडलं नाही, विजेचा झटका बसला नाही आणि तो सतत तापत राहिला नाही तर दहा वर्षंही जातो. म्हणजे आधी मरतात ते स्वस्त भाग, आणि त्यांच्यामुळे महागडा भाग भंगारात जातो.

आता तुमच्या मशीनकडे वळू. पैसे काढण्याआधी तीन गोष्टी स्वतः तपासा, दुकानात जायची गरज नाही.

पहिली बॅटरी. स्टार्टमध्ये `cmd` टाइप करून काळी खिडकी उघडा आणि हे लिहा:

```
powercfg /batteryreport
```

अहवालाची फाइल कुठे ठेवली ते तिथेच दिसेल. ती ब्राउझरमध्ये उघडा. `Design Capacity` म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हाची क्षमता, `Full Charge Capacity` म्हणजे आज पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्यक्षात मावणारी. ऑफिसच्या कामात असा लॅपटॉप साधारण १० ते १५ वॅट खातो. तुम्हाला ४० मिनिटं मिळतात, म्हणजे बॅटरीत सात ते दहा वॅट-तास उरलेत. मूळ क्षमता ४५,००० mWh, म्हणजे ४५ वॅट-तास असेल, तर आजचा आकडा १०,०००च्या आसपास किंवा त्याखाली निघेल असा माझा अंदाज आहे. निम्म्याखाली गेलेली बॅटरी मी बदलायला सांगतो, आणि तुमची तर पाव भागावर आली असावी. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. काही मॉडेलांत प्रोसेसरला क्षणभर जास्त वीज लागते तेव्हा चार्जरला बॅटरी हातभार लावते. बॅटरी दमली की मशीन स्वतःहून वेग कमी करतं. त्यामुळे चार्जर लावून बसलात तरी खराब बॅटरीचा मंदपणाशी संबंध असू शकतो.

एवढं नक्की बघा: टचपॅड वर उचललेला आहे का, त्याचं क्लिक घट्ट झालंय का, टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगतो का? यातलं एक जरी असलं तरी बॅटरी फुगली आहे असं समजा. मग चार्जिंग ताबडतोब थांबवा आणि स्वतः उचकटायला जाऊ नका. फुगलेल्या बॅटरीला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लागलं तर ती पेट घेऊ शकते.

दुसरी तपासणी उष्णतेची. दुपारी मशीन मंद झालं, की त्याच क्षणी `Ctrl + Shift + Esc` दाबून टास्क मॅनेजर उघडा, `Performance`मध्ये `CPU` निवडा. तिथे `Speed` आणि `Base speed` असे दोन आकडे दिसतात. काम जोरात चालू असताना, म्हणजे वापर ७०-८० टक्क्यांवर असताना, `Speed` सतत `Base speed`च्या बराच खाली राहत असेल, तर मशीन तापून स्वतःला आवरतंय. सकाळी गार असताना तेच काम करून आकडे पुन्हा बघा. सकाळी ठीक आणि दुपारी पडलेला, असं असेल तर निदान झालं. काही काम नसताना `Speed` खाली गेला तर तो दोष नव्हे, तेव्हा मशीन वीज वाचवत असतं.

कारण बहुतेक वेळा एकच असतं. पंख्यातून निघालेली हवा तांब्याच्या नळीला जोडलेल्या बारीक पात्यांमधून बाहेर जाते. पंखा आणि त्या पात्यांच्या मध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून जाळीतून फुंकर मारून तो निघत नाही, उलट आत घट्ट बसतो. मागचं झाकण काढून, पंखा सोडवूनच तो थर उचलावा लागतो. हवेच्या झोताने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर तो उलट वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. त्याच वेळी प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता त्या नळीकडे नेणारा लेप, बदलून घ्या. पाच वर्षांत ती सुकून कडेला सरकलेली असते. या कामाचे हजार-बाराशे रुपये होतात, आणि आठवडाभरात फरक कळतो.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीशेजारच्या ऑफिसातून येणारी मशीन मी वर्षातून एकदा उघडायला सांगतो. तिथल्या धुळीत लोखंडाची बारीक भुकटी असते, आणि ती बोर्डावर बसली की वीज वाहून नेऊ शकते. राजारामपुरीतल्या बंद ऑफिसला दोन वर्षांतून एकदा पुरे.

तिसरी तपासणी रॅमची. त्याच टास्क मॅनेजरमध्ये `Memory`वर जा. नेहमीच्या गर्दीच्या वेळी, म्हणजे टॅली, तीन-चार एक्सेल फाइली, जीएसटी पोर्टल आणि बाकीचे टॅब उघडे असताना बघा. वापर सतत ९० टक्क्यांवर असेल आणि `Committed`मधला पहिला आकडा ८ जीबीच्या बराच वर, समजा ११ किंवा १२ असेल, तर तुमच्या कामाला ८ जीबी कमी पडतंय. वापर ७० टक्क्यांच्या आसपास असेल तर रॅमवर एक रुपयाही घालू नका. ‘रॅम टाकली की लॅपटॉप पळतो’ असं दुकानात सर्रास सांगतात, पण रॅम कमी पडत असेल तरच पळतो.

रॅम वाढवता येईल का, तेही तिथेच बऱ्यापैकी कळतं. `Form factor`पुढे `SODIMM` लिहिलेलं असेल तर पट्टी काढता येते. `Row of chips` असेल तर ती बोर्डावरच डाखलेली आहे. २०२१च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ४ जीबी डाखलेली आणि ४ जीबीची एक पट्टी अशी जोडी असायची. तुमचं तसं असेल तर ४ची पट्टी काढून ८ची घातली की १२ जीबी होतात, आणि तुमच्या कामाला ते पुरेसे आहेत. स्लॉटच्या आकड्यावर मात्र पूर्ण भरवसा ठेवू नका, डाखलेली रॅमही कधीकधी स्लॉट म्हणून मोजली जाते. पंखा साफ करायला झाकण उघडेल तेव्हा डोळ्यांनी बघून घ्या.

आता खर्चाचा क्रम. आधी साफसफाई आणि पेस्ट करा आणि त्याच दिवशी बिजागरी बघून घ्या. मग एक आठवडा काम करा. मंदपणा गेला तर रॅमचा विषय कदाचित तिथेच संपेल. त्यानंतर बॅटरी. सगळं एकदम करून घेतलं की कशामुळे फरक पडला ते कळत नाही, आणि २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव इतके चढलेत की विनाकारण घेणं परवडणारं नाही.

बिजागरीचं काम लांबवू नका, ते आज स्वस्त आहे. लॅपटॉपच्या प्लास्टिकमध्ये पितळेच्या छोट्या बुशी बसवलेल्या असतात आणि बिजागरीचे स्क्रू त्यात आवळलेले असतात. बिजागरीतलं ग्रीस सुकलं की ती जड होते, आणि झाकण उघडताना सगळा जोर त्या बुशींवर येतो. आधी कुरकुर ऐकू येते. मग कोपऱ्यात स्क्रीनची चौकट आणि मागचं झाकण यांत फट दिसू लागते. शेवटी बुशी प्लास्टिकसकट उपटून येतात. तुम्ही कुरकुरीच्या टप्प्यावर आहात. इथे नट थोडा सैल करून ग्रीस दिलं की काही शे रुपयांत भागतं. बुशी उपटल्या की झाकण किंवा खालची पूर्ण बॉडी बदलावी लागते, आणि चिकटवून केलेला जोड मी तरी टिकलेला पाहिलेला नाही. तोवर झाकण एका कोपऱ्याला धरून उघडू नका, मधोमध धरा.

बॅटरी घेताना तुमच्या जुन्या बॅटरीवर छापलेला पार्ट नंबर जुळवा. निर्मितीची तारीख बघा. वर्षभराहून जास्त काळ कपाटात पडून राहिलेली ‘नवी’ बॅटरी घेऊ नका, कारण लिथियमची बॅटरी न वापरताही म्हातारी होते. याच कारणासाठी आज दोन घेऊन एक राखून ठेवू, असंही करू नका. बसवल्यावर दुकानातच वरची आज्ञा पुन्हा चालवा. नव्या बॅटरीत `Full Charge Capacity` मूळ क्षमतेच्या जवळपास असली पाहिजे आणि `Cycle Count` शून्याच्या आसपास. यातलं एक जरी जुळलं नाही तरी तिथेच परत करा. कंपनीची मूळ बॅटरी मिळाली तर चांगलंच. नाही मिळाली तर ओळखीच्या दुकानातून, किमान सहा महिन्यांच्या लेखी वॉरंटीची घ्या.

ती बसल्यावर पहिलं काम म्हणजे चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. तुमचा लॅपटॉप दिवसभर टेबलावर चार्जरला जोडलेला असतो, आणि बॅटरीला दोन गोष्टी सर्वांत जास्त खातात: सतत १०० टक्क्यांवर भरलेलं राहणं आणि उष्णता. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दोन्ही एकत्र येतात. बहुतेक कंपन्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, ही सोय असते. `Lenovo Vantage`मध्ये `Conservation mode`, `MyASUS`मध्ये `Battery Care`, एचपी आणि डेलमध्ये बायोसमधल्या बॅटरीच्या पानावर. बाहेरगावी जायच्या आदल्या दिवशी मर्यादा काढून पूर्ण भरा आणि परत आलात की पुन्हा लावा.

झाकण उघडायला देण्याआधी डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि बिटलॉकरची रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून ठेवा. विंडोज ११मध्ये डिस्क अनेकदा आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. बायोस अपडेट झालं किंवा बोर्डाला हात लागला की मशीन ती ४८ आकडी की मागतं. ती नसली तर मशीन ठणठणीत असूनही क्लायंटांचा डेटा गेला.

खर्च आता मांडू. साफसफाई आणि पेस्ट १,२००, बिजागरी ८००, बॅटरी ४,०००, आणि लागलीच तर रॅम ५,००० धरा. एकूण ११,०००. यातून तीन वर्षं मिळाली तर वर्षाला ३,७०० रुपये पडले. याची तुलना कशाशी करायची, ते नीट बघा. ५५ हजार कधीच खर्च झाले आहेत, आयकराच्या हिशेबात ४० टक्के घसाऱ्याने त्यांची पुस्तकी किंमतही नगण्य उरली असेल, त्यामुळे ते आज मोजायचे नाहीत. मोजायचं एवढंच, की पुढच्या तीन वर्षांसाठी जुन्या मशीनला वर्षाला किती लागतात आणि नव्याला किती. ६० हजारांचा नवा लॅपटॉप आठ वर्षं चालवला आणि मध्ये १२ हजार घातले तरी वर्षाला ९,००० पडतात. चार वर्षांत काढला तर १५,०००.

याच आकड्यातून मी दुरुस्तीची मर्यादा ठरवतो. दुरुस्तीतून मिळणाऱ्या प्रत्येक वर्षाचा खर्च नव्या मशीनच्या वार्षिक खर्चाच्या निम्म्याच्या आत असेल तर दुरुस्ती करा. तुमचे ३,७०० हे ४,५००च्या आत बसतात. उद्या मदरबोर्ड गेला आणि २० हजार सांगितले, आणि त्यातून जेमतेम दोन वर्षं मिळणार असतील, तर ते वर्षाला दहा हजार झाले. तिथे थांबायचं. तसंच, झाकण उघडल्यावर बोर्डावर हिरवट किंवा पांढरट गंज दिसला, किंवा मशीन कारण नसताना मधेच बंद पडत असेल, तर बॅटरीवर पैसे घालण्याआधी मला किंवा तुमच्या दुरुस्तीवाल्याला बोर्ड तपासू द्या. एसएसडीची तब्येत `CrystalDiskInfo`मध्ये बघा. ऑफिसच्या कामात पाच वर्षांनी ती बहुधा चांगलीच निघते, फक्त १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा.

आता पुढच्या खरेदीकडे वळू. ती २०२८च्या अखेरीस किंवा २०२९च्या सुरुवातीला येईल. आठ वर्षांचं आयुष्य खरं तर घेतानाच ठरतं, आणि त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट दुकानात कोणी बोलत नाही. लॅपटॉपचं सॉफ्टवेअरचं आयुष्य तुमच्या बिलाच्या तारखेपासून मोजलं जात नाही. ते प्रोसेसर बाजारात आला तेव्हापासून चालू झालेलं असतं.

इचलकरंजीतल्या दोन भावांचं उदाहरण सांगतो. सुताचा व्यापार, २०१८मध्ये दोघांनी एकाच दुकानातून, एकाच कंपनीचे लॅपटॉप घेतले. थोरल्याने ८व्या पिढीचा घेतला. धाकट्याला सेलमध्ये ७व्या पिढीचा चार हजारांनी स्वस्त मिळाला. वापरात फरक असा काही जाणवला नाही. दोघांनी नंतर हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, दोघांनी एकेकदा बॅटरी बदलली, दोन्ही मशीन आजही व्यवस्थित चालू होतात. पण विंडोज ११ने आपली अट ८व्या पिढीपासून लावली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा संपला. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय दिली, तीही १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच. थोरल्याचा लॅपटॉप अजून कामावर आहे. धाकट्याचा ठणठणीत असूनही बँकेच्या आणि जीएसटीच्या कामाला वापरू नका असं मला सांगावं लागलं. लिनक्स घालून तो मुलांच्या अभ्यासाला चालेल, पण टॅली आणि डिजिटल सिग्नेचरचं काम ज्यांचं विंडोजवर बसलेलं आहे, त्यांच्यासाठी तो मार्ग नाही. त्या चार हजारांच्या बचतीने मशीनची कामाची वर्षं कापली.

२०१८मध्ये ही रेघ कुठे पडणार हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि पुढची कुठे पडेल तेही आज सांगता येणार नाही. म्हणून करायचं एवढंच, की दिवाळीच्या सेलमध्ये दोन-तीन वर्षांपूर्वीच्या पिढीचा पडून राहिलेला माल घ्यायचा नाही. आठ वर्षं चालवायचा असेल तर प्रोसेसर बाजारात येऊन वर्षाहून जास्त झालेलं नसावं. प्रोसेसरचं नाव कंपनीच्या संकेतस्थळावर टाकलं की तो कोणत्या तिमाहीत आला ते दिसतं, दोन मिनिटांचं काम. त्याउलट आय-७ की आय-५ यावर तुमच्या कामासाठी डोकं शिणवू नका. आय-७चे जास्तीचे पैसे रॅममध्ये आणि वॉरंटीत घाला.

रॅम १६ जीबी घ्या, आणि एक तरी पट्टी काढता येण्याजोगी असावी. माहितीपत्रकात `LPDDR5` किंवा `LPDDR5X` दिसलं तर रॅम जवळपास नक्कीच बोर्डावर डाखलेली, पुढे वाढणार नाही. `2 x SO-DIMM` दिसलं तर दोन्ही पट्ट्या बदलता येतात. अतिशय पातळ आणि हलका लॅपटॉप हवा असेल तर डाखलेल्या रॅमला पर्याय नसतो. तसा घ्यायचाच तर ३२ जीबी घ्या, कारण जे पहिल्या दिवशी घेतलं तेच आठव्या वर्षी असणार.

बांधणीसाठी कंपन्यांची व्यावसायिक मालिका बघा: डेल लॅटिट्यूड किंवा तिचे आताचे ‘प्रो’ नावाचे वारस, लेनोवो थिंकपॅड, एचपी प्रोबुक आणि एलिटबुक. यांची दुरुस्तीची पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर उघड असते आणि बॅटरीपासून बिजागरीपर्यंत पार्ट नंबर मिळतात. मोठ्या कंपन्या ही मॉडेलं हजारोंनी घेतात, म्हणून सुटे भागही बाजारात जास्त वर्षं राहतात. घरगुती मालिकेतल्या चकचकीत मॉडेलचा पंखा चौथ्या वर्षी शोधायला लागलो की हा फरक कळतो. वॉरंटी तीन वर्षांची घ्या. मदरबोर्ड हा एकच भाग असा आहे की जो गेला की खेळ संपतो, आणि मशीनमध्ये कारखान्याचा दोष असला तर तो बहुधा सुरुवातीच्या वर्षांत उघडा पडतो. वाढीव वॉरंटी पहिली वॉरंटी चालू असतानाच घ्यावी लागते, हे विसरू नका.

नव्या मशीनचं वेळापत्रक असं ठेवा. पहिल्या दिवशी चार्जिंगची मर्यादा. वॉरंटी संपायच्या एक महिना आधी प्रत्येक पोर्ट, कीबोर्डची प्रत्येक कळ, पंख्याचा आवाज आणि बिजागरी तपासून, जे काही असेल ते फुकटात करून घ्या. हे जवळजवळ कोणी करत नाही. दर दोन वर्षांनी साफसफाई. चौथ्या किंवा फार तर पाचव्या वर्षी बॅटरी बदला, ती तग धरून असली तरीही. कारण मॉडेल बंद होऊन दोन-तीन वर्षं झाली की मूळ बॅटरी मिळणं कठीण होतं, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी घातलेली आठव्या वर्षापर्यंत नेते. सहाव्या वर्षानंतर मोठा खर्च नाही.

आणि सातव्या वर्षाच्या शेवटी, जुनं मशीन चालू असतानाच, नवं घ्या. बंद पडल्यावर धावत जाऊन घेतलेला लॅपटॉप म्हणजे दुकानात त्या दिवशी जो असेल तो. तुमच्या धंद्यात जुलै ते ऑक्टोबर रिटर्न आणि ऑडिटची गर्दी असते आणि मार्चला वर्षअखेर. म्हणून खरेदी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ठेवा. टॅली, डिजिटल सिग्नेचरचे टोकन आणि प्रिंटर नव्यावर बसवून दोन्ही मशीन महिनाभर समांतर चालवा. नंतर जुनं कपाटात राखीव ठेवा. आठवड्यातून एकदा तासभर चालू करा, विशेषतः पावसाळ्यात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बॅगेत बंद राहिलेल्या मशीनमध्ये दमटपणाने कनेक्टर गंजलेले मी दरवर्षी बघतो. राखीव मशीनची बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका, निम्म्याच्या आसपास ठेवा.

विजेबद्दल एकच सांगतो, कारण मदरबोर्ड जाण्यामागे आपल्याकडे हे कारण वारंवार दिसतं. ऑफिसच्या त्या प्लगला अर्थिंग आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुधा अर्थिंग नाही, किंवा तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावलाय. तो काढा. वळवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की चार्जर आणि नेटवर्कची केबल दोन्ही काढून ठेवा. नुसता चार्जर काढून भागत नाही, केबलमधून आलेल्या झटक्याने बोर्ड गेलेले आहेत.

सेकंडहँड घेऊ का, असं कोणी विचारेल म्हणून तेही सांगतो. तीन वर्षं कॉर्पोरेट ऑफिसात वापरलेलं व्यावसायिक मालिकेतलं मशीन २८ हजारांना घेतलं, ४ हजारांची बॅटरी घातली आणि चार वर्षं चालवलं तर वर्षाला ८,००० पडतात. बघा, नवं मशीन आठ वर्षं चालवण्याच्या हिशेबाच्या फार दूर नाही. चार वर्षांसाठी ३८ हजारांचा साधा नवा घेतला तरी वर्षाला ९,५००च पडतात. महागात पडतो तो फक्त ६० हजारांचा घेऊन चार वर्षांत फेकलेला. राखीव मशीन म्हणून किंवा हाताखालच्या माणसासाठी सेकंडहँड जरूर घ्या. ज्यावर क्लायंटांचा डेटा आणि तारखा अवलंबून आहेत त्या मुख्य मशीनसाठी मात्र मी नवं आणि तीन वर्षांच्या वॉरंटीचंच घ्यायला सांगेन.

तूर्त बॅटरी अहवालातले दोन आकडे, दुपारचा आणि सकाळचा `Speed`, आणि गर्दीच्या वेळचा `Committed`चा आकडा लिहून कळवा. मॉडेलचं पूर्ण नाव खालच्या स्टिकरवर असतं, तेही पाठवा. रॅम घ्यायची की नाही आणि तुमच्या मॉडेलची मूळ बॅटरी अजून मिळते का, ते त्यावरून नेमकं सांगता येईल.